पासवर्डची लांबी आणि चिन्हे : पासफ्रेजची निवड

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
- पासवर्डमध्ये चिन्हांपेक्षा लांबी अधिक परिणामकारक का ठरते, हे सोप्या गुणाकाराने स्पष्ट करता येईल;
- लांब असूनही दुबळा असलेला पासफ्रेज ओळखता येईल;
- मराठी शब्दांपासून स्वतःचा पासफ्रेज तयार करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज, परीक्षाअर्ज, शिष्यवृत्ती आणि बँक खाते ही सर्व कामे शेवटी एकाच ईमेल खात्याशी जोडलेली असतात. एखाद्या संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड मिळवण्याचा दुवा त्याच ईमेलवर येतो. त्यामुळे ज्याच्या हाती ते ईमेल खाते गेले, त्याच्या हाती उरलेल्या खात्यांच्या किल्ल्याही जातात.

या खात्यासाठी पासवर्ड निवडताना बहुतेकांच्या मनात एकच नियम असतो : एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे. हा नियम अमेरिकेतील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या शासकीय संस्थेच्या मार्गदर्शिकेमुळे जगभर रूढ झाला. त्या संस्थेतील बिल बर यांनी २००३च्या सुमारास ती लिहिली होती. २०१७ साली याच संस्थेने आपली भूमिका बदलली. चिन्हांची सक्ती करू नये, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये आणि किमान ६४ अक्षरांपर्यंतचा लांब पासवर्ड स्वीकारावा, असे नव्या मार्गदर्शिकेत सांगितले गेले. आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल बर यांनीही त्या वर्षी जाहीरपणे खेद व्यक्त केला. हा बदल का झाला, ते आता पाहू.

२. विषय-विवेचन

२.१ चोर पासवर्ड कसा शोधतो?

नीट बांधलेले संकेतस्थळ आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. ते त्याचा एक गणिती ठसा साठवते. या ठशाला ‘हॅश’ म्हणतात. ठशावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. परंतु ठशांची यादी चोरीला गेली, तर चोर आपल्या संगणकावर एकेक संभाव्य शब्द घेऊन त्याचा ठसा काढतो आणि यादीतील ठशाशी ताडून पाहतो. तेथे ‘तीन वेळा चुकल्यास खाते बंद’ हा अडसर नसतो. ठसा काढण्याची पद्धत जुनी व वेगवान असेल, तर ग्राफिक्स कार्ड बसवलेला एक संगणक सेकंदाला दहा हजार कोटी शब्द ताडू शकतो. पुढील सर्व गणितांत आपण हाच वेग गृहीत धरू. ठसा मुद्दाम संथ पद्धतीने काढलेला असेल, तर हा वेग कितीतरी कमी होतो; पण संकेतस्थळाने कोणती पद्धत वापरली आहे, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून वाईट परिस्थिती धरूनच हिशेब करणे शहाणपणाचे ठरते.

२.२ लांबीचे गणित

रोमन लिपीतील लहान अक्षरे २६ आहेत. त्यांतून आठ अक्षरे अगदी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी, निवडली तर २६ ला आठ वेळा गुणावे लागते. शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. वरील वेगाने हे काम दोन सेकंदांचे आहे.

आता मोठी अक्षरे, अंक आणि चिन्हे घेऊ. कळफलकावर अशी एकूण ९४ चिन्हे मिळतात. त्यांतील आठांच्या शक्यता सुमारे ६१ कोटी-कोटी होतात. कोटी-कोटी म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी. हे काम १७ तासांत संपते.

चिन्हे सोडून देऊन केवळ लहान अक्षरेच ठेवली आणि संख्या आठाऐवजी बारा केली, तर शक्यता ९५४ कोटी-कोटी होतात. कळफलकावरील सर्व चिन्हांनी जे साधले, त्याच्या पंधरापटीहून अधिक केवळ चार साध्या अक्षरांनी साधले. याचे कारण असे की चिन्हे वाढवल्याने गुणाकारातील संख्या मोठी होते. लांबी वाढवल्याने मात्र गुणाकार आणखी एकदा होतो, आणि प्रत्येक नवे अक्षर आधीच्या सर्व शक्यतांना पुन्हा २६ ने गुणते.

शिवाय वरील ६१ कोटी-कोटी हा आकडा चिन्हे यदृच्छेने निवडली असतील तरच खरा आहे. प्रत्यक्षात माणूस तशी निवड करत नाही. जालन्यातील एखादा विद्यार्थी नियम पाळण्यासाठी पुढील पासवर्ड लिहील :

```
Jalna@431203
```

यात मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, अंक आहेत आणि लांबीही बारा आहे. परंतु यातील पहिला भाग गावाचे नाव, शेवटचा भाग त्याच गावाचा पिनकोड आणि मध्ये सर्वांच्या सवयीचे `@` आहे. गावांची आणि पिनकोडांची यादी चोराकडे असतेच. `a` च्या जागी `@`, `s` च्या जागी `$`, शेवटी `123` किंवा चालू वर्ष, अशा सर्व युक्त्या पासवर्ड शोधणाऱ्या प्रणालींत नियम म्हणून आधीच भरलेल्या असतात. चिन्हांच्या सक्तीने माणसाला लक्षात ठेवणे कठीण झाले. यंत्राला ओळखणे मात्र फारसे कठीण झाले नाही.

२.३ प्रत्येक लांब ओळ सुरक्षित असते का?

लांबी महत्त्वाची म्हटल्यावर मराठीच्या विद्यार्थ्याला साहजिकच पाठ असलेली कवितेची ओळ आठवते. समर्थ रामदासांचा जन्म जालना जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ साली झाला, आणि त्यांचे ‘मनाचे श्लोक’ या भागात अनेकांना मुखोद्गत असतात. त्यातील एक चरण रोमन लिपीत लिहिला तर पंचवीस-तीस अक्षरे सहज होतात. अक्षरांचा गुणाकार केला तर हा पासवर्ड अभेद्य वाटतो.

पण चोर अक्षरे मोजत नाही, निवडी मोजतो. मनाचे श्लोक २०५ आहेत, प्रत्येकाचे चरण चार. म्हणजे एकूण चरण ८२०. रोमन लेखनातील फरक, मोठी-लहान अक्षरे, मधल्या मोकळ्या जागा हे सर्व धरून प्रत्येक चरणाची दहा हजार रूपे कल्पिली, तरी एकूण शक्यता ८२ लाखच होतात. आपल्या गृहीत वेगाने त्या सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच संपतात. अभंग, म्हणी, चित्रपटगीते, घोषणा यांची स्थिती तीच आहे. जे छापले गेले आहे, ते यादीत येऊ शकते.

म्हणून पासफ्रेजची लांबी ही यदृच्छेने निवडलेल्या शब्दांची लांबी असावी लागते. ‘मला सुचले ते शब्द’ ही यदृच्छा नव्हे, कारण सुचणारे शब्द एकमेकांच्या ओळखीचे असतात : ‘शेत’ म्हटले की ‘पाऊस’ पाठोपाठ येतो. हे काम फाशावर सोपवावे. अमेरिकन लेखक आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली फासे टाकून शब्द निवडण्याची ‘डाइसवेअर’ ही पद्धत मांडली. तिच्यात ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी वापरली जाते. तीच कल्पना मराठीसाठी लहान प्रमाणात कशी राबवता येईल, ते पाहू.

२.४ कृती : वही आणि फासा

एका वहीची ३६ पाने क्रमांकित करावीत. प्रत्येक पानावर सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा शब्द लिहावेत. असे एकूण १,२९६ शब्द होतात. शब्द घरातले, शेतातले, बाजारातले असावेत आणि एकही पुन्हा येऊ नये. प्रत्येक शब्द रोमन लिपीत कसा लिहायचा हे तेथेच ठरवून ठेवावे. नाहीतर ‘पाणी’ हा शब्द एकदा `pani` आणि एकदा `paani` असा टंकला जाईल व आपलेच खाते आपल्याला उघडणार नाही.

आता एका शब्दासाठी सापशिडीचा फासा चार वेळा टाकावा. समजा ३, ५, २, ६ असे दान पडले. पहिल्या दानातून एक वजा करून सहाने गुणावे आणि दुसरे दान मिळवावे : २ × ६ + ५ = १७. म्हणजे सतरावे पान, दुसरी ओळ, सहावा शब्द. असे सहा वेळा केल्यावर, उदाहरणार्थ, पुढील पासफ्रेज मिळेल :

```
umbara saraf loni patang chulat khadu
```

शब्द आवडले नाहीत म्हणून फासा पुन्हा टाकू नये. तसे केले की निवड फाशाची न राहता आपल्या आवडीची होते. त्याऐवजी मिळालेल्या शब्दांचे एक विचित्र चित्र मनात रंगवावे : उंबऱ्यावर बसलेला सराफ लोणी लावून पतंग चिकटवतो आहे. चित्र जितके विसंगत, तितके ते लक्षात राहते. हा पासफ्रेज येथे छापला गेल्यामुळे कोणीही वापरू नये.

चोराच्या हाती ही वहीच पडली असे मानू. तरीही त्याला १,२९६ चा सहा वेळा गुणाकार करावा लागेल. सर्व शक्यता तपासण्यास आपल्या गृहीत वेगाने सुमारे दीड वर्ष लागेल. सातवा शब्द वाढवला, तर तोच काळ सुमारे १,९५० वर्षांवर जातो. गुपित शब्दांच्या यादीत नसून फाशाच्या दानांत आहे, हे यावरून लक्षात येईल.

२.५ मर्यादा आणि पडताळणी

मराठी शब्द देवनागरीतच का टंकू नयेत, असा प्रश्न पडेल. एक अडचण कळफलकाची आहे : नेट कॅफेतील संगणकावर देवनागरीची सोय नसेल तर खाते उघडता येणार नाही. दुसरी अडचण दिसत नाही. ठसा काढण्याची ‘बीक्रिप्ट’ ही प्रचलित पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतील प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला आणि हलन्त चिन्हालाही तीन लागतात. म्हणजे चोवीस चिन्हांनंतरचे शब्द वाया जाऊ शकतात.

काही संकेतस्थळे लांब पासवर्ड न सांगता कापतात. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. पासफ्रेज ठेवल्यावर खात्यातून बाहेर पडावे आणि शेवटचा शब्द गाळून पुन्हा प्रवेश करून पाहावा. प्रवेश मिळाला, तर तो शब्द कापला गेला आहे असे समजावे. चिन्हाची सक्ती असेल तर शेवटी `-A1` जोडावे, पण त्याला सुरक्षेच्या हिशेबात धरू नये.

पासफ्रेज केवळ ओळखून काढण्यापासून संरक्षण देतो. बनावट पानावर आपणच तो टंकला, किंवा नेट कॅफेतील संगणकात कळा नोंदवणारी प्रणाली दडलेली असली, तर सहा काय किंवा साठ काय, शब्दांचा उपयोग नाही. तसेच एकच पासफ्रेज दोन ठिकाणी वापरला, तर दुबळ्या संकेतस्थळावरील चोरी दुसरे खातेही उघडते.

३. सारांश

चिन्हे वाढवल्याने गुणाकारातील संख्या वाढते. लांबी वाढवल्याने गुणाकारच वाढतात. परंतु मोजायची असते ती निवडींची संख्या, अक्षरांची नव्हे. प्रसिद्ध चरण लांब असूनही दुबळा असतो. फाशाने निवडलेले सहा-सात साधे शब्द चिन्हांवाचूनही बळकट असतात.

४. सरावासाठी प्रश्न

१. वहीत १,२९६ ऐवजी २१६ शब्द असतील, तर एका शब्दासाठी फासा किती वेळा टाकावा लागेल? सहा शब्दांच्या १,२९६-शब्दी पासफ्रेजइतक्या शक्यता मिळवण्यासाठी किती शब्द घ्यावे लागतील?

२. `Mosambi@2025` आणि सहा यदृच्छ शब्दांचा पासफ्रेज यांची तुलना ‘निवडींची संख्या’ या निकषावर करा.