चार मिनिटांचं अंतर

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १८६१ साली उघडलेलं स्टार थिएटर १९०१ मध्ये पाडलं गेलं. समोरच, रस्त्यापलीकडे, अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीची कचेरी होती. तिथला फ्रेडरिक आर्मिटेज नावाचा छायाचित्रकार कॅमेऱ्याला एक खास विद्युत यंत्रणा जोडतो, दिवसाचे आठ तास दर चार मिनिटांना एक चित्र घेतो आणि हा क्रम सुमारे तीस दिवस चालू ठेवतो. बांधकामाच्या प्रगतीचे व्हिडिओ बघण्याचा नाद मला अनेक वर्षांपासून आहे. तो नाद मागे मागे नेला की शेवटी या माणसापाशीच थांबावं लागतं. सिनेमाच्या इतिहासात त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. २००२ साली या चित्रांतून झालेला चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, तरीही.

आर्मिटेजचा हिशेब मांडून पाहिला. आठ तासांची ४८० मिनिटं, त्यांना चारने भागलं की दिवसाला १२० चित्रं. तीस दिवसांची ३६००. आजच्या सेकंदाला २५ चित्रांच्या गतीने ती १४४ सेकंदांत संपतात. म्हणजे एका दिवसाला पाच सेकंदांहून थोडा कमी वेळ मिळतो. त्या पाच सेकंदांत सावली इमारतीवरून एकदा सरकून जाते, आणि दिवस संपला हे बघणाऱ्याला त्यावरूनच कळतं. अंतर याहून वाढवलं असतं तर सावली उड्या मारत गेली असती आणि दिवस मोजता आले नसते.

मला यापेक्षाही मोलाचा वाटतो तो त्याचा दुसरा निर्णय. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याने रस्ता नेहमीच्या वेगाने दाखवला आहे. माणसं चालतात, गाड्या जातात, आणि मग अचानक भिंती विरघळायला लागतात. मूळ वेग आधी दाखवल्याशिवाय वाढवलेला वेग किती आहे हे डोळ्याला उमगत नाही. आज बिल्डरांचे बहुतेक व्हिडिओ हे विसरतात. पहिल्या सेकंदापासून सगळं धावत असतं आणि दहाव्या सेकंदाला बघणारा कंटाळतो.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. पुण्यात सात मजल्यांची इमारत चौदा महिन्यांत, म्हणजे साधारण ४२५ दिवसांत, उभी राहायची आहे. आर्मिटेजची चार मिनिटं इथे उगाच जास्त चित्रं देतील. दिवसाचे दहा तास, दर दहा मिनिटांना एक चित्र धरलं तर दिवसाला ६० आणि एकूण २५,५०० चित्रं होतात. ती सलग लावली तर १७ मिनिटं चालतील, जी कुणीही बघणार नाही. पण त्याच साठ्यातून रोजचं फक्त दुपारी बाराचं चित्र उचललं तर ४२५ चित्रं मिळतात आणि ती बरोबर १७ सेकंदांत संपतात. शिवाय सावल्या रोज जवळजवळ एकाच जागी राहतात, त्यामुळे प्रकाश लुकलुकत नाही, इमारत शांतपणे वाढते. म्हणून चित्रं सढळ हाताने घ्यावीत आणि निवड संकलनाच्या वेळी करावी. न घेतलेलं चित्र मागाहून मिळत नाही.

कॅमेऱ्याची जागा ठरवताना घाई झाली की पुढचे चौदा महिने ती भोगावी लागते. नेहमीची चूक अशी की पहिल्या दिवशी समोर फक्त खड्डा असतो, म्हणून चौकट खड्ड्यावर बसवली जाते आणि पाचव्या स्लॅबला इमारत चौकटीबाहेर निघून जाते. नकाशातली अंतिम उंची विचारून घ्यावी आणि वरचं आभाळ सुरुवातीला रिकामं, बेढब दिसलं तरी तसंच ठेवावं. कॅमेरा समोरच्या इमारतीवर, होणाऱ्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर असावा. साइटच्या दक्षिणेला बसून उत्तरेकडे पाहिलं तर वर्षातला बराच काळ ऊन पाठीशी राहतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, पण तो इतका उंच असतो की भिंगात थेट येत नाही.

कॅमेऱ्याचा ब्रॅकेट गच्चीच्या काँक्रीटच्या कठड्यात बोल्टने बसवावा, लोखंडी रेलिंगला नाही, कारण रेलिंग वाऱ्याने हलतं. पाण्याचा पंप सुरू झाला की टाकीजवळचा कठडाही थरथरतो. फोकस हाताने लावून टेपने पक्का करावा, व्हाइट बॅलन्स आणि अ‍ॅपर्चर कायम ठेवावं. पावसाळ्यात भिंगासमोरच्या काचेवरचा एक थेंब दिवसभराचं काम पुसून टाकतो, म्हणून वर पुढे आलेली झापड हवी आणि काच पुसायला जाणारा माणूस ठरलेला हवा. पुसताना कॅमेरा हलतोच. चौकटीत दूरवरच्या दोन न बदलणाऱ्या खुणा, समजा एक पाण्याची टाकी आणि एक इमारतीचा कोपरा, आधीच निवडून पहिल्या चित्राची छापील प्रत जवळ ठेवली की पुन्हा जुळवणी करता येते.

दहा मिनिटांच्या अंतरात टॉवर क्रेन मात्र वेडीवाकडी उडते. तिचा हात प्रत्येक चित्रात भलतीकडेच असतो. तिचं फिरणं दाखवायचं असेल तर वेगळा कॅमेरा लावून एखाद्या सकाळी दर दोन-तीन सेकंदांना चित्र घ्यावं लागतं. स्लॅब भरायच्या दिवशी तीस सेकंदांचं अंतर पुरतं. बारा तासांच्या कामाची १४४० चित्रं होतात, म्हणजे जवळजवळ एक मिनिट, आणि त्यातून वीस सेकंद सहज निघतात.

आता जे मला खरोखर खुपतं ते. आर्मिटेजच्या चित्रपटात थिएटर कोण पाडतंय हे ओळखू येत नाही. चार मिनिटांत मजूर पुरेसा पुढे सरकतो, त्यामुळे पुढच्या चित्रात तो दुसरीकडे असतो किंवा नसतोच. दहा मिनिटांत तर तो पूर्ण नाहीसा होतो आणि इमारत आपोआप उगवल्यासारखी दिसते. प्रगतीच्या व्हिडिओत स्लो मोशनची जागा इथे आहे. ती सजावट म्हणून नको, काम करणारी माणसं दिसावीत म्हणून हवी.

स्लॅबच्या दिवसातलं एकच काम निवडायचं तर मी व्हायब्रेटर मारणारा निवडेन. सेकंदाला १०० चित्रं घेऊन २५ने दाखवली तर पाच सेकंदांचं काम वीस सेकंद दिसतं. नीडल ओल्या काँक्रीटमध्ये उतरते, पृष्ठभाग खाली बसतो, बुडबुडे वर येतात. ते यायचे थांबले की माणूस नीडल हळूहळू बाहेर काढतो. कधी काढायची हा निर्णय त्याचे हात आणि डोळे घेतात, आणि तो चौपट संथ केल्यावरच बाहेरच्याला दिसतो. घाईने ओढलेल्या नीडलमागे राहिलेलं भोकही तेव्हाच दिसतं.

कॅमेरा त्याच्या हाताच्या उंचीवर, बाजूने, लांब भिंग लावून ठेवावा. ट्रायपॉड सेंटरिंगच्या फळ्यांवर मात्र ठेवू नये. पंप आणि व्हायब्रेटरने त्या सतत हलतात आणि ती थरथर संथ गतीत लांबलचक डोलणं होऊन बसते. पक्क्या झालेल्या जिन्याच्या भागावरून शूटिंग करावं. बूम पंप सुरू होताना किंवा धुताना पाइपाचं तोंड अचानक फटका मारू शकतं, तेव्हा त्याच्या आवाक्याबाहेर उभं राहावं.

दिवसा शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाला ठेवलं की हालचाल नैसर्गिक दिसते. स्लॅब बऱ्याचदा रात्रीपर्यंत लांबतो आणि हॅलोजन लागतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १२० चित्रांच्या गतीने घेतलेल्या दृश्यात ठळक लुकलुक येते. म्हणून रात्री १०० चित्रं आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाला ठेवावं. प्रत्येक चित्रात दिव्याचं एक पूर्ण आवर्तन येतं आणि प्रकाश स्थिर राहतो. हालचाल किंचित पुसट होते, ती मी खुशाल स्वीकारेन. तरीही संशय असेल तर दहा सेकंदांचा नमुना घेऊन तो जागेवरच मोठ्या पडद्यावर तपासावा, कारण कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर ही लुकलुक सुटून जाते आणि तोच स्लॅब पुन्हा भरला जात नाही.