वीज क्वचितच जाते, मग बॅटरी कोणती?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर वीज गेली, तशी वेळ दादर-गिरगावात क्वचितच येते. बॅटरी निवडताना हेच विसरले जाते. लिथियम बॅटरी हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज होते खरी, पण वर्षातून चार-पाचदाच वीज जाणार असेल, तर ते आयुष्य वापरणार कोण?

ट्यूब्युलर बॅटरी मात्र पडून राहूनही झिजते. सतत चार्जिंगवर असल्याने तिच्यातले पाणी हळूहळू उडते. दर दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. नळाचे पाणी चालत नाही. प्लेट्स उघड्या पडल्या, की त्या भागाची क्षमता जाते. शिवाय चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून लालबागच्या एका खोलीच्या घरात ती पलंगाखाली नको, उघड्या खिडकीजवळ हवी.

१५० एएच ट्यूब्युलरमधून निम्मी वीज काढली, तर सुमारे ९०० वॉट-तास मिळतात. तीन पंखे, दोन दिवे जेमतेम तीन तास. लिथियमची १०० एएच बॅटरी तेवढेच देते, पाणी मागत नाही. माझ्या मते, बंदिस्त खोली असेल किंवा पाणी पाहायला कोणी नसेल, तरच जादा पैसे मोजावेत. मात्र जुन्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठी चार्जिंगची सोय आहे का, हे आधी विचारा.