टेफ्लॉन कुठे नको

सिंकचा नवा नळ गळू लागला की बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो: नट सोडा, आट्यांवर आणखी टेफ्लॉन गुंडाळा, पान्ह्याने करकचून आवळा. गळती बरेचदा त्यानेच वाढते.

स्टीलच्या सिंकला वरून बसणारा, हंसाच्या मानेसारखा वाकलेला अर्ध्या इंची नळ घ्या. त्याचा आट्यांचा दांडा भोकातून खाली उतरतो. नळाच्या बुडाशी रबरी वॉशर असतो, तो सिंकच्या वर राहतो. खालून आधी रबरी, मग धातूचा वॉशर आणि शेवटी चेकनट. हा नट नळाला फक्त जागेवर धरतो. नळातल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. सिंकचा पत्रा पातळ असेल तर जास्त आवळल्याने तो दबतो आणि नळ डुलायला लागतो. अशा वेळी खालून रुंद पट्टी द्यावी. सिंक ओट्यात बसायचं असेल, तर नळ आधीच लावून घेणं शहाणपणाचं, कारण नंतर त्या अंधाऱ्या कपाटात पान्हा फिरत नाही.

पाणी अडवायचं काम कनेक्शन पाइपच्या नटातला छोटा रबरी वॉशर करतो. दांड्याचं सपाट टोक त्यावर दाबलं जातं आणि आटे तेवढा दाब देतात. म्हणून इथे टेफ्लॉन नको. नट हाताने पूर्ण फिरवायचा, मग पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा, बस्स. त्यापुढे गेलं की रबर चिरतं. टेफ्लॉनची खरी जागा भिंतीत, जिथे अँगल कॉक आट्यांवरच पाणी रोखतो. खालचा नट आवळताना तो कॉक दुसऱ्या पान्ह्याने धरून ठेवावा, नाहीतर भिंतीतला चांगला जोड सैल होतो. पाइपला पीळ पडू देऊ नये आणि तो ताणूनही लावू नये. आखूड पडला तर लांब आणावा, पन्नास-शंभर रुपयांसाठी ओढाताण कशाला?

आता तपासणी. पाइप जोडण्याआधी अँगल कॉक क्षणभर बादलीत सोडा, लाइनमधली वाळू निघून जाते. मग सगळं जोडून नळ बंद ठेवा, कॉक उघडा आणि प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. नळ बंद असतानाच टिश्यू ओला झाला, तर गळती पाइपच्या जोडात आहे; जिथे ओला झाला त्याच्या वरचा जोड आधी पाहा, कारण थेंब पाइपवरून ओघळत खाली येतो. वॉशर तिरका बसलाय का, चिरलाय का, हे नट सोडून बघा. पण फक्त ओटा पुसल्यावर किंवा भांडी घासताना खाली ओल येत असेल, तर नळाच्या बुडाचा वॉशर नीट बसलेला नाही. पाइपचे नट आवळून काहीही होणार नाही.

टाकी भरल्यावर दाब थोडा वाढतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा टिश्यू फिरवून पाहा.