चिंपांझीची सर्दी, बाळाची धाप

आरएसव्ही हा विषाणू 1956 मध्ये पहिल्यांदा सापडला तो अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये! पुढे तोच आजारी बाळांमध्येही मिळाला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मूल त्याच्या तावडीतून जातं. धडधाकट मोठ्या माणसाला सहसा नुसत्या शिंका येतात, तान्ह्याला मात्र धाप लागू शकते. कारण फुप्फुसातल्या त्याच्या बारीक नळ्या सुजतात आणि चिकट शेंबडाने बुजतात.

आता समजा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत चार महिन्यांचं बाळ आहे. सोमवारी नाक गळायला लागलं, मंगळवारी खोकला, बुधवारी छातीत घरघर. ताप जेमतेम. घरचे म्हणतात, ‘सर्दीच तर आहे.’ पण या आजाराची खोड अशी, की तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोचतो. म्हणून बुधवारी बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. आशाताई हेच करतात. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. आपल्या बाळाचे भरले 56. लगेच दाखवायला न्यायचं.

बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हण्याचा आवाज येतोय, ओठ निळसर पडलेत, बाळ निम्म्यापेक्षा कमी पितंय, सहा-आठ तास लंगोट कोरडाच आहे, किंवा मध्येच श्वास थांबतोय: यातलं एकही दिसलं तर आकडा कितीही येवो, 108 ला फोन. घोडेगाव किंवा मंचर गाठायला घाटवाटेत वेळ जातो, तो हिशेबात धरूनच निघावं. मेळघाटात ‘महान’ संस्थेने घरोघर शोध घेतला, तेव्हा दवाखान्यापर्यंत न पोचलेल्या, घरीच दगावलेल्या बाळांमध्येही आरएसव्ही सापडला होता.

दवाखान्यात मग कोणतं जालीम औषध देतात? देतच नाहीत! नळ्या मुख्यतः बुजलेल्या असतात, आवळलेल्या नव्हे, म्हणून दम्याची वाफ सहसा उपयोगी पडत नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही आणि स्टेरॉइडनेही फरक पडत नाही. (‘इंजेक्शन दिलंच नाही’ म्हणून डॉक्टरांवर रुसू नये.) सलाइनचे थेंब टाकून नाक हलकेच साफ करतात. रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली गेला, तर नाकाजवळच्या नळीतून ऑक्सिजन देतात, मिनिटाला एक-दोन लिटर. पिता येत नसेल तर नाकातून पोटात नळी घालून आईचं दूध. तेवढ्याने भागलं नाही, तर श्वासाला दाबाचा आधार देणारं सीपॅप.

घरी करायचं तेही साधंच. थोडंथोडं, वारंवार पाजायचं, त्याआधी नाक मोकळं करायचं. ओव्याची धुरी आणि बाम मात्र बंद. धूर आधीच बुजलेल्या नळ्यांना आणखी चिडवतो.

बाळ घरी परतलं तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पिणं आणि श्वास ठीक असतील तर त्याला औषध लागत नाही.