शंकरपाळीं आणि मध्यम आंच



सोलापुराहून तुळजापूरकडे जातांना वाटेंत तामलवाडी हें गांव लागतें. कोजागिरीच्या सुमारास देवीच्या दर्शनाला पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची या रस्त्यानें रीघ लागते, आणि ती ओसरली कीं घराघरांतून दिवाळीच्या फराळाचा वास येऊं लागतो. माझी एक मावशी त्या गांवीं राहते. शंकरपाळीं कशीं तळावीं हें मला तिच्या स्वयंपाकघरांत कळलें, आणि तें कळण्यास माझीच एक फजिती कारण झाली. ती फजिती आणि तिच्यापासून मिळालेला धडा आज मी आपणांस सांगणार आहें.

त्या वर्षीं मीं घरीं शंकरपाळीं केलीं. रंग असा सुरेख बदामी आला होता कीं पाहणारानें तोंड भरून वाखाणावा. एक डबा भरून मीं परगांवीं शिकत असलेल्या भाच्याकडे पाठविला. चौथ्या दिवशीं त्यानें कळविलें, "मामी, चव छान आहे, पण शंकरपाळीं मऊ पडलीं आहेत." डबा घट्ट झांकणाचा होता आणि हवाहि कोरडी होती. मग ओलावा आला कोठून? मावशीला विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अगं, बाहेरून नाहीं आला. तूंच आंत घालून पाठवलास." तिच्या या एका वाक्यांत आजच्या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

शंकरपाळें तळणें म्हणजे त्याला रंग आणणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक तळतांना दोन निरनिराळीं कामें एकदम चाललेलीं असतात. पिठांतलें पाणी वाफ होऊन बाहेर जाणें हें एक, आणि सालीवर तांबूस रंग चढणें हें दुसरें. खुसखुशीतपणा पहिल्या कामावर अवलंबून आहे, रंग दुसऱ्यावर. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. त्यामुळें शंकरपाळ्याच्या पोटांत पाणी शिल्लक आहे तोंपर्यंत, सभोंवतींचें तेल कितीहि तापलेलें असलें, तरी तेथील उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाहीं. बाहेरची साल मात्र लवकर कोरडी होते आणि तेलाच्या उष्णतेला जाऊन भिडते. तेथें साखर आणि दुधापिठांतील प्रथिनें यांची एकमेकांवर क्रिया होऊन बदामी रंग व खमंग वास उत्पन्न होतो. लुई मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें अशा प्रकारच्या क्रियेचें वर्णन १९१२ सालीं केलें. सुमारें १४० अंशांच्या पुढें ती झपाट्यानें चालते.

आतां तेल १९० अंशांपर्यंत कडक तापलें असेल तर काय होतें तें पाहा. दीड-दोन मिनिटांत साल बदामी होते आणि 'झालीं' असें समजून आपण शंकरपाळीं काढतों. पण पाव इंच जाडीच्या तुकड्यांतलें पाणी निघून जाण्यास तेवढा वेळ पुरत नाहीं. पोट ओलसरच राहतें. त्या दिवशीं खाल्लें तर साल कुरकुरीत लागते, म्हणून ही गोष्ट कोणाच्या लक्षांत येत नाहीं. डब्यांत गेल्यावर मात्र पोटांतला ओलावा हळूहळू कोरड्या सालीकडे झिरपतो आणि तीन-चार दिवसांत सगळें शंकरपाळें सारखेंच मऊ होतें. माझा डबा असाच मऊ पडला होता. उलट तेल १५० ते १६० अंशांच्या दरम्यान राहिलें, तर रंग चढण्यास सहा ते आठ मिनिटें लागतात, आणि तेवढ्या अवधींत पाणीहि निघून गेलेलें असतें. हीं दोन्ही कामें बरोबर एकाच वेळीं पुरीं व्हावीं, एवढ्यासाठींच मध्यम आंच.

मग आंच आणखी मंद ठेवली तर अधिकच चांगलें, असें कोणी म्हणेल. पण तसें होत नाहीं. तेल फार थंड असलें कीं साल लवकर धरत नाहीं. पिठांतलें तूप पातळ होऊन बाहेर येऊं लागतें, पण त्याला अडविणारी साल तयार झालेली नसते; मग तुकडा कडेनें विरूं लागतो, तेल फेसाळतें आणि तळाशीं चुरा सांचतो. अनारसा 'हसला' असें आपण म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार.

पुढच्या दिवाळींत मी मुद्दाम तामलवाडीस गेलें आणि मावशीच्या शेजारीं उभी राहून सारें काम पहिल्यापासून पाहिलें.

तिनें एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि एक वाटी तूप एकत्र करून मंद आंचेवर ठेवलें, आणि साखरेचा कण न् कण विरघळल्यावरच उतरविलें. न विरघळलेले कण तेलांत आधीं करपतात आणि शंकरपाळ्यांवर काळे ठिपके पडतात. मिश्रण कोमट झाल्यावर त्यांत चिमूटभर मीठ टाकून मावेल तसा मैदा घातला. तो सुमारें पांच वाट्या लागला. चार वाट्यांवरच हात आखडला असता, तर तुपाचें प्रमाण जास्त होऊन शंकरपाळीं तेलांत विरलीं असतीं. गोळा घट्ट भिजविला, पण फार मळला नाहीं, कारण फार मळल्यानें मैदा चिवट होतो. अर्ध्या तासानें पाव इंच जाडीची पोळी लाटून तिनें कातण्यानें तुकडे कापले. कापण्यापूर्वीं पोळी सगळीकडे सारख्या जाडीची आहे कीं नाहीं हें तिनें बोटांनीं चांचपून पाहिलें. कडेचे पातळ तुकडे आधीं लाल होतात आणि मधले जाड तुकडे पांढरे राहतात. एकाच घाण्यांत दोन रंग दिसले, तर पुष्कळदां दोष आंचेचा नसून लाटण्याचा असतो.

लोखंडाच्या जाड कढईंत तेल तापल्यावर तिनें एकच तुकडा सोडला. तो तळाशीं गेला, क्षणभर स्वस्थ राहिला, मग त्याच्या कडेनें बारीक बुडबुडे सुटले आणि तो सावकाश वर आला. हें तेल योग्य तापलेलें. तुकडा टाकतांच उसळून वर आला आणि अर्ध्या मिनिटांत तांबूस झाला, तर तेल कडक झालें असें समजावें. तळाशींच पडून राहिला आणि बुडबुडे सुटले नाहींत, तर तें अजून कच्चें आहे. घरांत उष्णतामापक नसला तरी ही परीक्षा पुरेशी आहे.

यानंतर तिनें जें केलें तें मला अगदीं नवीन होतें. मी आंच एकदां मध्यम करून ठेवीत असें आणि शेवटपर्यंत तिला हात लावीत नसें. मावशीनें घाणा सोडतांच आंच थोडी वाढविली. बुडबुडे जोरांत आल्यावर ती पुन्हां उतरविली. आणि घाणा काढण्याच्या मिनिटभर आधीं आणखी कमी केली. मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "तूं जाळ बघतेस, मी तेल बघते." याचा उलगडा असा. थंड पीठ पडतांच तेल निवतें, म्हणून आरंभीं थोडी अधिक उष्णता हवी असते. पुढें पाण्याची वाफ होण्यांत पुष्कळ उष्णता खर्च होते. परंतु पाणी संपत आलें कीं तोच जाळ तेलाला अधिक तापवूं लागतो. घाणा काढल्यावर तर रिकाम्या कढईंतलें तेल भरभर तापतें. म्हणूनच पहिला घाणा चांगला उतरूनहि तिसरा एकदम लाल होतो. जाड कढईंत आंचेचा फरक तेलांत उमटण्यास थोडा वेळ लागतो. तेव्हां आंच गरजेच्या जरा आधींच उतरवावी लागते.

एका वेळीं तिनें तेलाचा निम्मा पृष्ठभाग मोकळा राहील इतकेच तुकडे घातले. पहिलें मिनिट ते हलविले नाहींत, कारण तेव्हां ते मऊ असतात व मोडतात; साल धरल्यावर मात्र झाऱ्यानें सतत फिरविले. तरंगणाऱ्या तुकड्याची एकच बाजू तेलांत असते, म्हणून फिरविल्याखेरीज रंग दोन्हीकडे सारखा येत नाहीं. बुडबुडे विरळ झाले आणि तेलाची चुरचुर मंदावली, तेव्हां पाणी गेल्याची खूण पटली. रंग हवा त्याहून एक छटा फिका असतांनाच तिनें घाणा काढला आणि चाळणींत पसरला. अंगच्या उष्णतेनें शंकरपाळीं बाहेरहि थोडीं तांबूस होत राहतात. ढीग केला तर मधलीं अधिकच लाल होतात.

गरम असतांना तीं मऊच लागलीं. त्यावरून कच्चीं समजून तीं पुन्हां तेलांत टाकूं नयेत. साखर आणि तूप निवल्यावर घट्ट होतात आणि मगच खुसखुशीतपणा येतो. पूर्ण निवल्यावर एक मोडून पाहावें. मध्यापर्यंत कोरडे पापुद्रे दिसले तर काम साधलें. मधोमध चकचकीत, ओलसर रेघ दिसली तर पोट कच्चें आहे. अशीं शंकरपाळीं ओव्हनमध्यें ११० ते १२० अंशांवर पाव तास वाळवावीं. तेवढ्या उष्णतेनें ओलावा जातो आणि रंग फारसा वाढत नाहीं.

हाच विचार इतर पदार्थांना लावतां येतो. गुळाच्या पाण्यांत कणीक भिजवून केलेलीं शंकरपाळीं साखरेच्यांपेक्षां लवकर तांबूस होतात, कारण गुळांतील साखरेचा कांहीं भाग आधींच सुट्या, चटकन रंग धरणाऱ्या साखरांच्या रूपांत असतो. त्यांना आंच आणखी थोडी कमी हवी. चिरोट्यांचें उलट आहे. त्यांच्या पिठांत साखर नसते, ती तळल्यावर वरून पडते. शिवाय चिरोटा पांढराच शोभतो. तेथें रंगाची वाट पाहणें व्यर्थ. पापुद्रे सुटले आणि बुडबुडे थांबत आले, कीं तो काढावा.

मावशीच्या पद्धतीनें केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा मीं भाच्याकडे पुन्हां पाठविला, आणि परीक्षेसाठीं दहा-बारा घरीं एका बरणींत ठेवून दिलीं. एकविसाव्या दिवशीं त्यांतलें एक काढून मोडलें. तें कटकन मोडलें. तो आवाज शेजारच्या खोलींतहि ऐकूं गेला.