एक उदाहरण, चाळीस उत्तरे

बारावी वाणिज्यच्या चाचणीत शेजारच्या वहीतून उत्तर उतरवायला एक नजर पुरते. म्हणून काही शिक्षक भागीदारी संस्थेच्या अंतिम खात्यांचे एकच उदाहरण प्रत्येकाला वेगळ्या आकड्यांनी देतात. पण तेरजेतला एक आकडा हलला की त्याच्याबरोबर दुसराही हलवावा लागतो.

समजा, मूळ उदाहरणात ऋणको ४१,००० रुपये आहेत. समायोजनेत १,००० रुपये आणखी बुडीत कर्ज आणि उरलेल्या रकमेवर ५ टक्के संशयित कर्ज निधी सांगितला आहे. म्हणजे निधी २,००० रुपये. आता प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकाला ४०० ने गुणून ती रक्कम ऋणकोंत मिळवायची. हजेरी क्रमांक A2 मध्ये, ऋणको B2 मध्ये आणि निधी C2 मध्ये, अशी एक्सेलची सूत्रे होतात:

```
B2: =41000+400*A2
C2: =(B2-1000)*5%
```

सातव्या क्रमांकाला ऋणको ४३,८०० आणि निधी २,१४० येतो. मात्र तेरजेची नावे बाजू २,८०० रुपयांनी वाढली, म्हणून जमा बाजूही तेवढीच वाढवायला हवी. त्यासाठी धनको सोयीचे, कारण या उदाहरणात त्यांच्यावर दुसरे कोणतेही गणित अवलंबून नाही. भांडवल वाढवले, तर भांडवलावरील व्याज बदलते आणि ते नफ्याच्या वाटणीपर्यंत पोहोचते.

४०० हा आकडाही पारखून घेतलेला आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे २० रुपये, म्हणून निधी कायम पूर्ण रुपयांत येतो. ३५० घेतले असते, तर विषम क्रमांकांना पन्नास पैसे आले असते. सातव्या क्रमांकाचा नफा १४० रुपयांनी घटतो. भागीदारांचे प्रमाण ३:२ असेल, तर ही घट ८४ आणि ५६ अशी सरळ वाटली जाते. २:१ प्रमाणात तिचे तीन समान भाग पडत नाहीत, आणि त्या विद्यार्थ्याचा पेपर विनाकारण किचकट होतो.

पेपर वाटण्याआधी ताळेबंद पडताळावा. मालमत्ता बाजूला ऋणको २,८०० ने वाढले आणि निधी १४० ने, म्हणजे निव्वळ वाढ २,६६०. देयता बाजूला धनको २,८०० ने वाढले आणि नफा १४० ने घटला, तिथेही २,६६०. दोन्ही बाजू जुळल्या की ती प्रत बरोबर.

तपासताना आणखी एक गोष्ट हाती लागते. बुडीत कर्ज वजा न करता निधी काढला, तर कोणत्याही पेपरात उत्तर बरोबर ५० रुपयांनी जास्त येते, कारण १,००० चे ५ टक्के ५० होतात. म्हणजे ५० चा फरक दिसला की समजावे, मुलाची पायरी चुकली आहे. सातव्या क्रमांकाच्या वहीत मात्र आठव्याचे २,१६० दिसले, तर नजर कुठे गेली होती तेही कळते.