लॉगबुकात न सापडणारा तास

उरण-पनवेल रस्त्याने न्हावा-शेवा बंदराकडे निघालात की जासई लागते. दि. बा. पाटलांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९८९मध्ये बंदर सुरू झाल्यापासून या पट्ट्यात गोदामे आणि कंटेनर यार्ड उभे राहत गेले. सांगलीकडची हळद परदेशी जायची तर तिचा रस्ता बहुधा याच बाजूने जातो. काही माल पोत्यांतूनच कंटेनरमध्ये चढतो, काही आधी छोट्या पाऊचमध्ये भरला जातो. या दुसऱ्या कामाचे एक यंत्र आपण समोर ठेवू. शेड कल्पनेतली आहे आणि आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत; पण पावडर भरणाऱ्या यंत्रावर ज्याने एखादी पाळी काढली आहे, त्याला ते अनोळखी वाटणार नाहीत.

यंत्र उभे आहे. वरच्या हॉपरमधून हळद खाली येते. ऑगर, म्हणजे मळसूत्राचा दांडा, ठरावीक फेरे फिरतो आणि १०० ग्रॅम पावडर नळीतून खाली सोडतो. त्याच नळीभोवती छापील फिल्म गुंडाळली जाते आणि तिची उभी शिवण गरम पट्टीने चिकटते. खाली दोन तापलेले जबडे मिटतात. एका पाऊचचे तोंड आणि पुढच्याचा तळ ते एकदमच सील करतात, मधून पाते फिरते आणि पाऊच पट्ट्यावर पडतो. चित्र पाऊचच्या मध्यावर यावे म्हणून फिल्मच्या कडेला काळ्या खुणा छापलेल्या असतात आणि एक फोटोसेल त्या वाचत असतो. या पाऊचसाठी यंत्राचा चांगला वेग मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला एक.

पाळी आठ तासांची. जेवण आणि चहाची ३० मिनिटे वगळली की ४५० मिनिटे उरतात. सगळे सुरळीत चालले तर २७,००० पाऊच निघायला हवेत. पाळीअखेर मोजले तर चांगले पाऊच १५,८७६. दोन्हींचा भागाकार ५८.८ टक्के येतो. यंत्राची एकूण परिणामकारकता, कारखान्यात जिला सगळे ‘ओईई’ म्हणतात, ती हीच. जपान इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट मेंटेनन्सच्या सेइची नाकाजिमा यांनी ही मोजणी रूढ केली, आणि १९८८मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत आल्यावर ती जगभर गेली.

एवढ्याने मात्र काहीच कळत नाही. नुसत्या ५८.८वर संतापणारा मॅनेजर आणि खांदे उडवणारा ऑपरेटर, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. उपयोग सुरू होतो तो या आकड्याचे तीन तुकडे केल्यावर. यंत्र जितका वेळ चालायला हवे होते त्यापैकी किती वेळ चालू होते, ही उपलब्धता. चालू असताना नेमलेल्या वेगाच्या मानाने किती माल निघाला, ही कामगिरी. आणि निघालेल्यातला किती पहिल्याच फटक्यात चांगला होता, ही गुणवत्ता.

आपल्या पाळीचे लॉगबुक उघडू. सीलच्या हीटरचे तापमान सांगणारा थर्मोकपल गेला, तो बदलेपर्यंत ३० मिनिटे. हळद संपवून मिरची घेताना हॉपर आणि ऑगर धुण्यापुसण्यात ४५ मिनिटे. फिल्मचे रोल बदलण्यात तीन वेळा मिळून १५. नव्वद मिनिटे गेली, ३६० उरली; उपलब्धता ८० टक्के. या ३६० मिनिटांत २१,६०० पाऊच व्हायला हवे होते, झाले १६,२००. कामगिरी ७५ टक्के. त्यातले ३२४ गळके किंवा वाकडे निघाले, म्हणून गुणवत्ता ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार पुन्हा ५८.८ येतो. तो तसा आला नाही तर कुठेतरी मोजणी चुकली आहे. हिशेब तपासायची ही सर्वांत स्वस्त युक्ती.

आता कामगिरीतली तूट बघा. ५,४०० पाऊच, म्हणजे पुरी ९० मिनिटे, थांबण्याच्या तोट्याइतकीच. पण लॉगबुकात तिची एक ओळही नाही. कारण साधे आहे. पाच मिनिटांपेक्षा लहान थांबा लिहायचा नाही, असा बहुतेक ठिकाणी रिवाज असतो. तो चुकीचाही नाही, दर अर्ध्या मिनिटाला पेन उचलणारा माणूस यंत्र कधी चालवणार?

ही ९० मिनिटे दोन वाटांनी गेलेली असू शकतात. यंत्र सतत चालले, पण हळू. किंवा पुरेशा वेगाने चालले, पण सारखे अडखळले. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून फोड करावीच लागते. यंत्र विनाखंड चालू असेल असे एक मिनिट पकडायचे आणि पाऊच मोजायचे. समजा ५४ भरले. मग १६,२०० पाऊचना ३०० मिनिटे लागली असणार. यंत्र ‘चालू’ धरले होते ३६० मिनिटे. म्हणजे ६० मिनिटे किरकोळ थांब्यांत गेली. उरलेली ३०० मिनिटे प्रत्येक मिनिटाला सहा पाऊच कमी, म्हणजे १,८०० पाऊच, म्हणजे आणखी ३० मिनिटे मंद वेगात.

पाळीतले तोटे आता एकाच मापात, मिनिटांत, मांडता येतात. किरकोळ थांबे ६०, चेंजओव्हर ४५, ब्रेकडाउन ३०, मंद वेग ३०, रोल बदल १५ आणि खराब पाऊच जेमतेम साडेपाच. पाळी संपल्यावर कोणालाही विचारा, ‘आज काय झाले?’ उत्तर येईल थर्मोकपलचे. मेन्टेनन्सचा माणूस धावत आला होता, फोन झाले होते. तो तोटा यादीत तिसऱ्या जागी आहे, तोही मंद वेगाच्या बरोबरीने.

गुणाकाराचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. ब्रेकडाउनची ३० मिनिटे पूर्ण वाचवली, तर १,८०० पाऊच हाती येतील असे वाटते. तसे होत नाही. वाचलेल्या त्या अर्ध्या तासातही यंत्र पूर्वीसारखेच अडखळणार आणि हळूच चालणार; चांगले पाऊच मिळतील सुमारे १,३२३. उलट किरकोळ थांबे निम्मे केले, म्हणजे तेवढीच ३० मिनिटे सोडवली, तर सुमारे १,५८८. भोक पडलेल्या घागरीत पाणी जास्त ओतण्याआधी भोक बुजवावे, हे शहाणपण इथे आकड्यांत दिसते.

तरीही सर्वांत मोठा तोटा तोच आधी धरायचा, हा नियम मी मानत नाही. आधी बघायचे ते कोणकोणते तोटे एकाच मुळातून फुटले आहेत. त्यासाठी एका माणसाने तासभर यंत्राजवळ उभे राहून प्रत्येक थांब्याला कारणाच्या रकान्यात एक रेघ मारायची. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी हे केले की चित्र उमटते. बहुतेक रेघा ‘खूण वाचली नाही’ आणि ‘सीलमध्ये पावडर’ या दोन रकान्यांत पडल्या असे धरू. आता वेळ बघायची. यंत्र पुसल्यानंतरच्या पहिल्या तासात थांबे कमी आणि चौथ्या तासात जास्त असतील तर दोष साचणाऱ्या धुळीचा. रोल बदलल्यावर किंवा रोलच्या सांध्याजवळ ते गर्दी करत असतील तर दोष फिल्मचा किंवा तिच्या ताणाचा. पुसले काय, रोल बदलला काय, काहीच फरक पडत नसेल तर वायरिंग आणि सेटिंगकडे वळायचे.

आपल्या शेडमध्ये धूळच निघते. ऑगर थांबल्यावरही नळीच्या टोकातून थोडी हळद झिरपत राहते. जबडे मिटताना ती दोन फिल्मच्या मध्ये सापडते, तेवढ्या जागी प्लास्टिक एकजीव होत नाही आणि पाऊच गळतो. हवेत उडालेली भुकटी फोटोसेलच्या काचेवर पिवळा थर धरते, मग काळी खूण दिसेनाशी होते आणि यंत्र थांबते. ऑपरेटर फडक्याने पुसतो, बटण दाबतो. अर्धे मिनिट गेले. आणि वेग ५४ का? कारण ६०ला पावडर खाली बसायला वेळ मिळत नाही आणि गळती वाढते, हे ऑपरेटरला अनुभवाने कळले आहे. त्याने आळसाने वेग कमी केलेला नाही. एका तोट्यापासून वाचण्यासाठी दुसरा पत्करला आहे. त्याला विचारल्याशिवाय वेग परत ६०वर चढवणारा सुपरवायझर रिजेक्शन वाढवून ठेवतो.

किरकोळ थांबे, मंद वेग आणि खराब पाऊच, तीन वेगळ्या रकान्यांतली ९५ मिनिटे अशी एका धुळीपाशी येऊन मिळतात. म्हणून पहिला हल्ला तिच्यावर. ऑगरच्या टोकाला झिरप अडवणारी झडप, नळीच्या तोंडाशी धूळ ओढणारे सक्शन, फोटोसेल शक्य तितका वर, धुळीपासून दूर. उरण-पनवेलच्या खाडीकाठी पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे उघड्या पोत्यातली हळद ओल धरते आणि ऑगरमध्ये गोळे होतात. कोरड्या हिवाळ्यात फिल्मवर स्थिरविद्युत साठून तीच भुकटी तिला चिकटते. त्यामुळे थांब्यांची मोजणी दोन्ही ऋतूंत करावी. जूनमधला उपाय जानेवारीत लागू पडेलच असे नाही.

खराब पाऊचच्या साडेपाच मिनिटांवर थोडे थांबायला हवे. ओईईच्या लेखी गळका पाऊच म्हणजे वाया गेलेला एक सेकंद. प्रत्यक्षात ३२४ पाऊच म्हणजे ३२ किलोंहून जास्त पावडर, शिवाय फिल्म. पाऊच फोडून पावडर परत घेता येईल, फिल्म कचऱ्यातच जाते. पाण्याखालच्या व्हॅक्यूम चाचणीत बुडबुडे न दाखवता निसटलेला पाऊच तर कंटेनरमधून थेट गिऱ्हाइकाकडे पोचतो. म्हणून मिनिटांच्या यादीशेजारी रुपयांची यादी मांडावी. दोन्हींचे क्रम जुळतातच असे नाही.

आकडा सजवणेही फार सोपे असते. ‘हे यंत्र पन्नासच देते’ असे म्हणून नेमलेला वेग ६०ऐवजी ५० धरला, तर त्याच पाळीची कामगिरी ९० टक्के होते आणि ओईई ७० टक्क्यांच्या वर जाते. एक पाऊचही न वाढवता! कामगिरी कधी १०० टक्क्यांपुढे गेली तर हेच झाले असे समजावे. दुसरी युक्ती म्हणजे चेंजओव्हर ‘नियोजित’ ठरवून ४५० मिनिटांतून वगळणे. नाकाजिमांच्या मांडणीतून आलेला ८५ टक्क्यांचा आदर्शही जपूनच वापरावा. त्याची फोड ९०, ९५ आणि ९९ अशी आहे. पाळीत दोनदा मसाला बदलणाऱ्या शेडला त्यातला ९०चा आकडाच बहुतेक वेळा परवडत नाही.

धुळीचा बंदोबस्त झाला, किरकोळ थांबे २५ मिनिटांवर आले, वेग ५८ झाला आणि गुणवत्ता ९९ टक्के, असे धरले तर त्याच पाळीत १९,२३६ चांगले पाऊच निघतात. ओईई ७१ टक्के. पण मधल्या काळात पुढच्या टेबलावर पाऊच कार्टनमध्ये भरण्याचा वेग तोच राहिला असेल, तर ३,३६० जादा पाऊच क्रेटमध्ये पडून राहतील. मग यंत्राला आणखी पळवण्याआधी त्या टेबलावर एक माणूस वाढवणे जास्त फायद्याचे.

टेबल मोकळे असेल तर यादीत आता सर्वांत वर ४५ मिनिटांचा चेंजओव्हर येतो. तो कमी करायचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे दिवसभर हळद आणि दुसऱ्या दिवशी मिरची. ओईई लगेच वाढते, पण निम्मी ऑर्डर दुसऱ्या रंगाची वाट बघत गोदामात बसते आणि बंदराची गेट बंद व्हायची वेळ काही पुढे सरकत नाही. खरा मार्ग जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी दाखवलेला: यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे आणि आधी उरकता येणारी कामे वेगळी काढायची. धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हॉपर-ऑगरची दुसरी जोडी शेजारी तयार असली, तर यंत्र थांबलेले असताना फक्त अदलाबदल उरते. पहिली जोडी नंतर, मिरची चालू असताना, सावकाश धुता येते.